उत्तरपत्रिकेचे फोटो, तीन बेरजा आणि कव्हरवरचे ४३

गणवेशवाली, रात्री ९.४०

मी सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या एका युनिटात नग मोजते आणि कारागिरांची मजुरी काढते. रोज पाच-सहाशे नग हातांखालून जातात आणि संध्याकाळी आकडा जुळला नाही असं सहसा होत नाही. म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

लेक बारावी सायन्सला आहे. गड्ड्याची यात्रा झाल्यावर कॉलेजने पूर्वपरीक्षेचे पेपर वर्गात दाखवले. फिजिक्सला ७० पैकी ४३ पडले. तिला पन्नासच्या जवळपास वाटत होते. पेपर दहाच मिनिटं हातात होता, तेवढ्यात सरांना विचारून तिने पानांचे फोटो काढून आणले.

काल रात्री फोटो बघत मी बेरीज केली तर ५३ आले. छातीत धस्स झालं, दहा गुण कमी! परत केली, ४७½ आले. मग म्हटलं तू कर. तिने केली तर ४४½. पेपर एक, फोटो तेच, बेरजा तीन, आणि चौथे सरांचे ४३.

कव्हरवर सरांनी असं लिहिलंय: प्र. १ ला ८, प्र. २ ला ५, विभाग ब ११, विभाग क १२, विभाग ड ७. खाली ४३ आणि अक्षरी त्रेचाळीस.

उद्या कॉलेजात जायचं म्हणतेय, पण सरांसमोर तीन वेगळे आकडे घेऊन कशी जाऊ? बेरीज करायची काही पद्धत असते का?

होटगीरोडचा_पप्पू, रात्री ९.५२

अवो ताई, सोपं हाय की. कव्हरवरच्या पाच आकड्यांची बेरीज करा. ८ आणि ५ तेरा, ११ मिळवले चोवीस, १२ मिळवले छत्तीस, ७ मिळवले त्रेचाळीस. जुळतंय की वो! सरांचं बरोबर हाय. आतल्या पानांवर मास्तर लोक काय काय गिचमिड करतात, त्याच्या नादी लागू नका.

लालशाई, रात्री १०.१५

पप्पूशेठ, तुमची बेरीज बरोबर, निष्कर्ष अर्धाच बरोबर. तीस वर्षं पेपर तपासले आहेत, म्हणून सांगतो. कव्हरची बेरीज जुळली याचा अर्थ एवढाच की शेवटच्या पायरीला चूक नाही. आतला आकडा कव्हरवर आलाच नसेल, तर कव्हर आपलं आपल्याशी छान जुळतं. चूक असली तर बहुतेक वेळा तिथेच असते, कारण कव्हरची बेरीज आम्ही दोनदा करतो आणि पानं उलटायचं काम एकदाच.

ताई, परीक्षक एका पेपरावर तीन ठिकाणी बेरीज करतो. एकाच उत्तरात व्युत्पत्तीला दोन, उदाहरणाला एक असे तुकडे करून त्यांची बेरीज समासात गोलात लिहितो. विभाग संपला की गोलांची बेरीज करून चौकटीत टाकतो. चौकटी कव्हरवर नेतो. तुम्ही हे तिन्ही थर एकत्र मिसळलेत असं दिसतंय.

आता बेरीज अजिबात करू नका. आधी तीन गोष्टी सांगा. उत्तरपत्रिकेची पानं किती आणि फोटो किती? पुरवणी होती का? आणि ब, क, ड या विभागांत लेकीने किती प्रश्न सोडवले? बोर्डाच्या धर्तीवर पेपर असेल तर ब मध्ये दोन गुणांचे कोणतेही आठ, क मध्ये तीन गुणांचे कोणतेही आठ आणि ड मध्ये चार गुणांचे कोणतेही तीन. १०, ८, १६, २४, १२ मिळून सत्तर.

निकालग्रस्त, रात्री १०.३१

माझ्या पुतण्याच्या पेपरात अख्खी व्युत्पत्ती बरोबर असून चारपैकी दीड दिला होता. असे परीक्षक असतात. ताई, तुम्ही थेट पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा, बेरजा करत बसू नका. आम्ही गप्प बसलो आणि पस्तावलो.

लालशाई, रात्री १०.४४

साहेब, तुमचा प्रश्न वेगळा. उत्तराला दीड द्यायला हवे होते की तीन, हा मूल्यांकनाचा वाद. ताई विचारतायत ते दिलेले गुण बेरजेत आले की नाही. पहिल्यात मत असतं, दुसऱ्यात मताचा काही संबंध नाही, गुण कागदावर दिसतात. शिवाय ही कॉलेजची पूर्वपरीक्षा आहे, इथे अर्ज कसला, सरांना भेटायचं.

बोर्डाच्या परीक्षेतही या दोन वाटा वेगळ्याच आहेत. गुणपडताळणीत एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का आणि बेरीज बरोबर आहे का एवढंच बघतात. पुनर्मूल्यांकन हवं तर आधी छायाप्रत घ्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. आपलं सोलापूर पुणे विभागीय मंडळात येतं. त्या पाच दिवसांत पालक काय करतात? शेजारच्या क्लासवाल्याला छायाप्रत दाखवतात आणि 'इथे अजून एक गुण मिळायला हवा होता' हे ऐकून येतात. बेरीज कोणी करत नाही.

गणवेशवाली, रात्री ११.०५

सर, पानं मोजली. कव्हर धरून मुख्य उत्तरपत्रिका १६ पानांची आणि दोऱ्याने बांधलेली चार पानांची पुरवणी. म्हणजे वीस. फोटो एकोणीस आहेत.

ब मध्ये तिने नऊ सोडवलेत, क मध्ये सहा, ड मध्ये तीन.

लालशाई, रात्री ११.११

विसावं पान कुठलं? ते आधी शोधा. आणि तीन गुणांचे आठ लिहायचे असताना फक्त सहा? लेकीला विचारा, एखादा सोडून पुढे गेली होती का.

गणवेशवाली, रात्री ११.३८

झोपलेल्या लेकीला उठवलं! फोटो न काढलेलं पान पुरवणीचं दुसरं. ते कोरं होतं म्हणून सोडलं म्हणाली. मग मी म्हटलं, पुरवणीच्या तिसऱ्या पानाचा फोटो तर आहे, त्यावर काय आहे? बघितलं तर त्यावर प्रश्न २१! आधी येत नव्हता म्हणून पुढे गेली, शेवटी दहा मिनिटं उरली तेव्हा एक पान कोरं सोडून तो लिहिला. तीनपैकी तीन गुण, गोलात, ठळक. म्हणजे क मध्ये सहा नाही, सात.

म्हणजे हे तीन गुण सरांनी दिले पण धरले नाहीत असं असेल का?

चाटीगल्ली, सकाळी ७.२०

मी कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं वह्या लिहितो. रात्री धागा वाचला नाही, आत्ता वाचला. लालशाई सर आतून निघाले आहेत, मी बाहेरून येतो. आमच्याकडे तेरीज जुळली नाही की आधी वही परत वाचत नाहीत, फरकाकडे बघतात. फरकच सांगतो कुठे शोधायचं.

ताई, तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या बेरजेत फरक साडेपाच. सत्तरच्या पेपरात साडेपाचाचा एक प्रश्न नसतो, म्हणजे दोन गोष्टी दोनदा मोजल्या गेल्या. ड मध्ये गोलातले आकडे बघा, कुठे तीन आणि कुठे अडीच आहे का. असतील तर तुम्ही त्या उत्तरांचे तुकडेही घेतलेत आणि गोलही घेतलात.

तुमची दुसरी आणि लेकीची, यात फरक बरोबर तीन. ते तीन रात्री सापडलेच, प्रश्न २१.

आता लेकीचे ४४½ आणि सरांचे ४३. फरक दीड. कुठेतरी एक दीड असा आहे जो लेकीने घेतला आणि सरांनी घेतला नाही. गंमत लक्षात आली का? लेकीने पुरवणीचं तिसरं पान घेतलं नव्हतं आणि तिचा आकडा सरांच्या सगळ्यात जवळ आला. दोघांकडून एकच पान सुटलं. जवळ आलेला आकडा खरा असतो असं नाही.

बारावी_ब, सकाळी ७.४५

मीच ती लेक. आई कामावर गेली, तिच्या फोनवरून नाही, माझ्या नावाने लिहितेय. हो काका, ड विभागाची ७ ची चौकट पुरवणीच्या पहिल्या पानावर आहे. मला वाटलं ड संपला म्हणजे पेपर संपला. पान उलटलं तर कोरं, म्हणून थांबले. स्वतः लिहिलेला प्रश्न विसरले.

ड मध्ये प्र. २७ ला व्युत्पत्तीला २ आणि उदाहरणाला १, गोलात ३. प्र. २९ ला १½ आणि १, गोलात २½. आईने पहिल्यांदा सगळं मिळवलं असणार. प्र. ३१ ला नुसतेच १½.

शीटबहाद्दर, सकाळी ९.१०

एवढं हाताने कशाला? प्रत्येक प्रश्नाची एक ओळ करून शीटमध्ये टाका. पहिल्या रकान्यात विभाग, दुसऱ्यात प्रश्न, तिसऱ्यात गुण. लेकीने पाठवलेले आकडे मी टाकून बघतो, सगळे इथे लिहा.

बारावी_ब, सकाळी ९.३०

प्र. १ : ८
प्र. २ : ५
ब : प्र. ३ ला २, ४ ला १½, ५ ला १, ७ ला २, ८ ला ½ (की १½? नीट दिसत नाही), ९ ला १, १० ला २, १२ ला १, १३ ला १½
क : १५ ला ३, १६ ला २, १८ ला १½, १९ ला २½, २२ ला २, २४ ला १, आणि पुरवणीत २१ ला ३
ड : २७ ला ३, २९ ला २½, ३१ ला १½

शीटबहाद्दर, सकाळी ९.५८

टाकलं. माझं उत्तर ३६!! ताई, सरांनी सात जास्तच दिलेत, जाऊ नका 😀

```
=SUM(C2:C22)
```

चाटीगल्ली, सकाळी १०.०५

बाळा, अर्धे गुण कसे लिहिलेस?

शीटबहाद्दर, सकाळी १०.१९

जसे दिले तसेच कॉपी केले, १½. ... ओह. कळलं. तो ½ चा एकच जोडाक्षरासारखा ठसा शीटला आकडा वाटत नाही, अक्षर वाटतं, आणि बेरीज तो कप्पा न बोलता वगळते. लाल खूणही दाखवत नाही. एका पालकाने असंच `1/2` लिहिलं होतं, तर शीटने त्याची तारीख केली आणि बेरीज हजारांत गेली. ते निदान दिसतं तरी, हे दिसत नाही.

ओळखायचं असं: किती कप्प्यांत खरे आकडे आहेत ते मोजा.

```
=COUNT(C2:C22)
=SUMIF(A2:A22,"क",C2:C22)
```

एकवीस ओळी आहेत आणि पहिल्या सूत्राने १४ दाखवले. म्हणजे सात ओळी गळल्या. त्या सातही अर्ध्यावाल्या, बेरीज साडेअकरा. १.५, ०.५, २.५ असं लिहिल्यावर ४७½ आले. आईचीच दुसरी बेरीज. दुसरं सूत्र क विभागाचं, तिथे १५ येतात. कव्हरवर १२.

होटगीरोडचा_पप्पू, सकाळी १०.३०

बगा, मशीन पण चुकतंय. वही बरी.

शीटबहाद्दर, सकाळी १०.३३

मशीन नाही चुकलं, मी चुकलो पप्पूभाऊ.

लालशाई, सकाळी ११.००

आता बेरजेच्या गोष्टी सुटत आल्या. राहिला दीड, आणि प्र. ८ चा ½ की १½. दुसरा आधी घेतो. फोटो कसा आहे? व्हॉट्सॲपवरून आलेला असेल तर सोडून द्या, तो लहान होऊन येतो आणि लाल रेघा पुसट होतात. ज्या फोनने काढला त्याच फोनच्या गॅलरीत बघा.

आणखी एक बघा. पातळ कागदावर पलीकडच्या पानाची लाल शाई इकडे उतरते. समासात एखादा आकडा अस्पष्ट आणि विचित्र दिसत असेल तर फोनमध्ये फोटो आरशासारखा उलटा करा. तसा तो सरळ वाचता आला तर तो गुण या पानाचा नाही, मागच्या पानाचा आहे. मी पालकांना उतरलेला ३ मिळवताना पाहिलंय.

बारावी_ब, दुपारी १२.४०

मधल्या सुट्टीत बघितलं. आईला मी व्हॉट्सॲपवरच पाठवले होते. माझ्या गॅलरीत प्र. ८ ला स्पष्ट ½ आहे, त्याच्या आधी जी उभी रेघ वाटत होती ती समासाची छापील रेघ आहे.

प्र. १८ जवळ एक फिकट आकडा आहे, तो उलटा करून बघितला तर मागच्या पानाचा. बरं झालं तो आम्ही धरला नव्हता.

लालशाई, दुपारी १.१५

छान. ½ असल्याचा एक पुरावा पेपरातच आहे. ब विभागाच्या चौकटीत सरांनी ११ लिहिलेत. प्र. ३ पासून प्र. १२ पर्यंतचे आठ मिळवा: २, दीड, एक, दोन, अर्धा, एक, दोन, एक. बरोबर अकरा. म्हणजे सरांनी पहिले आठ धरले आणि नववा, प्र. १३ चा दीड, सोडला. चाटीगल्लीवाल्यांचा हरवलेला दीड हाच. प्र. १३ च्या गोलावर तिरपी रेघ आहे का?

बारावी_ब, दुपारी १.२०

आहे! आम्हाला ती बरोबरची खूण वाटली होती.

गणवेशवाली, सायंकाळी ७.३०

कामावरून आले आणि सगळं वाचलं. आता मला कळतंय तसं लिहिते, चुकलं तर सांगा. क च्या चौकटीत १२ आहेत. ती चौकट बाराव्या पानावर आहे, प्र. २४ च्या खाली. तिथपर्यंतचे सहा प्रश्न म्हणजे तीन, दोन, दीड, अडीच, दोन, एक, मिळून बारा. बरोबरच आहेत. सरांनी विभाग संपला असं समजून चौकट केली. नंतर पुरवणीत प्र. २१ तपासला, ३ दिले, पण मागे बाराव्या पानावर जाऊन चौकट बदलायची राहिली. म्हणून कव्हरवर १२.

म्हणजे ८, ५, ११, १५, ७. एकूण ४६.

आणि प्र. १३ चं काय? तो दीड पहिल्या आठांत नाही, पण प्र. ८ ला तर अर्धाच मिळालाय. अर्धा सोडून दीड धरला तर ब चे १२ होतात आणि एकूण ४७. मुलीचा फायदा कशात ते धरायला नको का?

चाटीगल्ली, सायंकाळी ७.५५

धरायलाच हवं. आमच्या नातवाच्या शाळेत जास्त सोडवलेल्यांतले जास्त गुणांचे धरतात.

लालशाई, रात्री ८.२०

आमच्या कॉलेजात पूर्वपरीक्षेला पहिले आठच धरायचो, म्हणजे मुलं बोर्डाच्या आधी प्रश्न मोजायला शिकतील. दुसरीकडे दोन्ही तपासून चांगले धरताना बघितलंय. यात बेरजेची चूक नाही, ठरवलेली रीत कोणती एवढाच प्रश्न. तो तीन गुणांत मिसळू नका. सरांकडे जाताना आधी पुरवणी दाखवा, तो वाद नाही. मग प्र. १३ ची रीत विचारा. उलट क्रमाने गेलात तर ते पहिल्याच वाक्याला रीत समजावू लागतील आणि पुरवणी राहून जाईल.

आणि ४७½ घेऊन जाऊ नका. नऊ उत्तरांचे गुण आठांत बसत नाहीत.

निकालग्रस्त, रात्री ८.४०

शिक्षक लोक आपली चूक कबूल करत नाहीत, लिहून ठेवा. सरळ माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. सुप्रीम कोर्टाने २०११ साली सांगितलंय की तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा विद्यार्थ्याला हक्क आहे.

लालशाई, रात्री ८.५८

निकाल खरा आहे, पण तो उत्तरपत्रिका बघायला मिळावी यासाठी. यांच्याकडे तिचे फोटोच आहेत! आता हक्क मागायचा नाही, पान नंबर सांगायचा.

चाटीगल्ली, रात्री ९.०५

ताई, अजून एक ठिकाण बघून या, गुणांची यादी. पेपरावर दुरुस्त होऊन यादीत जुनाच आकडा राहतो असं होतं. शिवाय यादी बहुतेक वेळा एक जण वाचतो आणि दुसरा लिहितो. आपल्या मराठीत त्रेचाळीस म्हणताना तीन आधी येतात आणि चाळीस नंतर. घाईत लिहिणारा आधी तीन लिहितो आणि ३४ होतात. आमच्या वह्यांत ही चूक शेकडो वेळा बघितलीय. ओळखायची खूण म्हणजे अंक उलटले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. ४३ आणि ३४ मध्ये नऊ, ६२ आणि २६ मध्ये छत्तीस.

मात्र फरक नऊ आला म्हणजे अंकच उलटले असं नाही हं. तीन गुणांचे तीन प्रश्न सुटले तरी नऊच येतात. आधी अंक बघायचे, तिथे नसेल तर पानं.

होटगीरोडचा_पप्पू, रात्री ९.१८

म्हणून तर २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आणलं आणि लोकांनी केवढा दंगा केला. आमच्या घरी तेलुगू बोलतात, तिथे आधी चाळीस आणि मग तीन. आमच्या आईचा हिशेब कधी उलटा पडला नाही 😀

चाटीगल्ली, रात्री ९.२५

पप्पू, हा मात्र तुझा पहिला मुद्दा जो मला पूर्ण पटला.

गणवेशवाली, दुसऱ्या दिवशी रात्री ९.१०

जाऊन आले. अर्धा दिवस रजा टाकली. मी एका कागदावर फक्त पाच ओळी लिहून नेल्या होत्या: विभाग, पानांवरची बेरीज, कव्हरवरचा आकडा. चार ओळी सारख्या, क ची वेगळी. खाली लिहिलं, 'प्र. २१, पुरवणी, तिसरं पान'. फोटो काढून दाखवायच्या आधीच सरांनी गठ्ठ्यातून मूळ पेपर काढला, पुरवणी उलटली, कोरं पान दिसलं, ते उलटलं आणि 'अरे' म्हणाले. बाराव्या पानावरची चौकट खोडून १५ केले, कव्हरवर १५ आणि ४६ केले, अक्षरी शेहेचाळीस लिहिलं आणि दोन्हीकडे सही केली. मग त्यांनी गठ्ठ्यातले पुरवणी लावलेले सगळे पेपर वेगळे काढले. मी तिथे असतानाच आणखी एक सापडला, त्यातही क मधला प्रश्न शेवटी लिहिलेला.

यादी माझ्यासमोर उघडली. लेकीच्या नावापुढे ४३ होते, ते ४६ केले. लालशाई सर आणि काका, तुमच्या सांगण्यावरून बाजूच्या नावांवर नजर टाकली. लेकीच्या मैत्रिणीचे पेपरावर ५४ होते हे मला माहीत होतं, कारण ती आमच्याकडेच बसून रडली होती की साठ का नाही. यादीत तिचे ४५! सरांना सांगितलं, त्यांनी तिचा पेपर काढला, ५४च होते.

प्र. १३ चं मात्र राहिलं. सर म्हणाले मी पहिले आठ धरतो, सगळ्यांचे तसेच धरलेत. बाजूला दुसऱ्या तुकडीच्या मॅडम बसल्या होत्या, त्या म्हणाल्या मी जास्त गुणांचे धरते. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. विभागप्रमुखांना विचारून सांगतो म्हणाले.

चाटीगल्ली, रात्री ९.२२

५४ आणि ४५. फरक नऊ. मी आज जेवणात एक जास्तीची भाकरी घेणार.

लालशाई, रात्री ९.४०

त्या मॅडमच्या तुकडीत नऊ सोडवलेली मुलं असतील तर दोन तुकड्यांचे गुण एका मापाने मोजलेले नाहीत. तुमच्या एका गुणापेक्षा हे मोठं आहे. विभागप्रमुखांचं उत्तर आलं की इथे लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय. आणि लेकीला सांगा, बोर्डाच्या पेपरात प्रश्न शेवटी लिहावा लागला तर लिही, पण मध्ये कोरं पान सोडू नकोस. सुटलंच तर त्यावर तिरकी रेघ मारून 'पुढे पाहा' लिही.

बारावी_ब, रात्री ९.४८

लिहीन सर. आणि ब मध्ये आठच सोडवीन.

सातरस्ता_पालक, रात्री ११.३०

नमस्कार, धागा पूर्ण वाचला नाही. माझ्या मुलाच्या केमिस्ट्रीच्या पेपराचे फोटो टाकतो, कोणी बेरीज करून देईल का? कव्हरवर ५१ आहेत, मला ५५ येतायत.

गणवेशवाली, रात्री ११.३४

आधी सांगा, पानं किती आणि फोटो किती? आणि पुरवणी होती का?